पांढऱ्या आभाळावरचे मोकळे केस रात्रीच्या देवळावर आणायचेत, कडेची झालर जात नाही

सातरस्ता_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. साखरपुड्याच्या अल्बमचं एक काम हातात आहे. मुलीचा फोटो गच्चीवर काढलेला, ढगाळ दुपार, मागे नुसतं पांढरं आभाळ. केस काळे, लांब, मोकळे आणि वाऱ्याने उजवीकडे उडालेले. घरच्यांना तिच्या मागे सिद्धेश्वराचं देऊळ हवंय, गड्ड्याच्या यात्रेतली रोषणाई आणि तळ्याच्या पाण्यात पडलेले दिवे असं. तो रात्रीचा फोटो माझ्याकडे आहे, काठावर ट्रायपॉड लावून मीच काढलेला.

अडचण फक्त केसांची. फोटोशॉपमध्ये Select and Mask मध्ये जाऊन Refine Edge ब्रश फिरवला की बटा मिळतात, पण प्रत्येक बटेला पांढरट झालर येते. Shift Edge उणे ४० केलं की झालर जाते, पण बटाही जातात आणि डोक्याची कड सपाट कापलेली दिसते. Decontaminate Colors लावल्यावर लांबून बरं वाटतं, पण झूम केलं की केसांभोवती करडे डाग. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फाईल जेपेग, रॉ ठेवलेली नाही. प्रिंट १२ बाय १८ इंच जाणार आहे.

मास्क आणखी बारीक कसा करायचा, हे कुणी नीट सांगेल का?

विजापूरवेस_फ्लेक्स

फेदर दोन पिक्सेल द्या आणि लेयर Multiply करून टाका. आभाळ पांढरं आहे ना, मग काळे केस आपोआप खाली उतरतात. आमच्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सला हेच करतो, कटिंगची गरजच पडत नाही.

सातरस्ता_स्टुडिओ

अण्णा, Multiply केलं तर चेहरा आणि साडीसुद्धा काळी पडते. मागचे दिवे तिच्या गालातून दिसायला लागतात.

विजापूरवेस_फ्लेक्स

चेहऱ्यावर मूळ फोटोची आणखी एक कॉपी ठेवायची की वरून. फेदर मारून.

हुरडा_आणि_कॅमेरा

पुढच्या वेळी मागे हिरवा पडदा लावा. कापडाच्या दुकानात साधं हिरवं कापड मिळतं, इस्त्री करून ताणून बांधलं की झालं. मुलीला पडद्यापासून सहा-सात फूट पुढे उभं करा, म्हणजे हिरवा रंग केसांवर उसळत नाही.

सातरस्ता_स्टुडिओ

दादा, फोटो काढून झालाय आणि मुलगी हैदराबादला परत गेलीये. आहे त्याच फाईलवर काम करायचंय.

रेघ_न_रेघ

सातरस्ता, तुम्ही मास्क बारीक करण्याबद्दल विचारताय. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं मास्क ठीकच असणार. घोटाळा मास्कमध्ये नाही, बटेच्या रंगात आहे. हे एकदा आकड्यांत बघा, मग पुढचं सगळं काम सोपं जाईल.

तुमचा कॅमेरा उभा धरला की रुंदीला साधारण ४००० पिक्सेल मिळतात. कमरेपर्यंतच्या फोटोत आडवी जागा अंदाजे एक मीटर येते. म्हणजे एक पिक्सेल पाव मिलिमीटरचा. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. सुटा केस एका पिक्सेलचा जेमतेम तिसरा हिस्सा व्यापतो, उरलेल्या जागेत आभाळच असतं. थोडक्यात, फाईलमध्ये सुट्या केसाचा एकही पिक्सेल शुद्ध केसाचा नाही. प्रत्येकात आभाळ मिसळलंय.

```
C = a*F + (1-a)*B
```

F हा केसाचा खरा रंग, B मागचं आभाळ, a म्हणजे केसाने व्यापलेला हिस्सा, आणि C म्हणजे फाईलमध्ये दिसणारा रंग. केस ३०, आभाळ २४० आणि a ०.३ धरा. C येतो १७७, म्हणजे फिकट करडा. तुम्ही ज्याला काळी बट म्हणताय ती फाईलमध्ये मुळात फिकट आहे, पांढऱ्यावर असल्यामुळे डोळ्याला काळी वाटते.

आता ही बट रात्रीच्या आभाळावर ठेवा, त्याचा आकडा ४० धरू. मास्क अगदी अचूक, तिथे बरोबर ३० टक्केच, असं मानलं तरी १७७ चे ३० टक्के आणि ४० चे ७० टक्के मिळून ८१ होतात. मागची पार्श्वभूमी ४० आणि बट ८१, म्हणून ती उजळ दिसते. हीच तुमची झालर. केसाचा खरा रंग ३० तिथे असता तर बेरीज ३७ आली असती. गणित ढोबळ आहे, कारण जेपेगमधले आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, पण झालर कुठून येते ते यातून कळतं.

दूध आणि पाणी एकत्र झाल्यावर भांड्याचा आकार बदलून पाणी वेगळं होत नाही. मास्क हा फक्त आकार आहे. तो कितीही बारीक केला तरी बटेतलं आभाळ बटेतच राहतं.

अण्णांच्या उत्तरातला Multiply चा भाग बरोबर आहे, फेदरचा नाही. फेदर सगळ्या कडेला सारखाच मऊपणा देतो. खांद्याची कड एखाद्या पिक्सेलची असते आणि केसांची कड कुठे चार, कुठे चाळीस पिक्सेलची. दोन पिक्सेल फेदरने खांदा बोथट होतो आणि केसांची झालर आणखी पसरते. फ्लेक्स वीस फुटांवरून बघतात म्हणून तिथे हे खपून जातं. अल्बम हातात घेऊन बघतात.

सातरस्ता_स्टुडिओ

ताई, एक मुद्दा अडतोय. मागे ४० आणि बट ३७ असेल तर ती दिसणारच नाही. मग बटा टिकवण्यासाठी एवढा खटाटोप का करायचा?

रेघ_न_रेघ

बरोबर पकडलंत. गडद रात्रीपुढे काळी सुटी बट दिसतच नाही. खरोखर तिथे उभं राहून फोटो काढला असता तरी दिसली नसती. रात्रीच्या फोटोत केस दोनच प्रकारे दिसतात. एक, बटेच्या मागे काहीतरी उजळ असेल तर ती त्यापुढे काळी दिसते. दोन, मागून दिवा पडत असेल तर तिची कड चमकते. या दोन्हींपैकी काहीच नसताना प्रत्येक बट स्पष्ट दिसली की फोटो खोटा वाटतो, बघणाऱ्याला कारण सांगता येत नसलं तरीही.

म्हणून कटिंगच्या आधी देवळाचा फोटो सरकवून बघा. केस उजवीकडे उडालेत ना? मग उजळ भाग उजवीकडे आणा, कळसावरची रोषणाई किंवा पाण्यातलं दिव्यांचं प्रतिबिंब. तो भाग थोडा धूसर करा, कारण मुलीवर फोकस असताना तळ्यापलीकडचे दिवे धारदार राहणार नाहीत. डावीकडे अंधार राहू दे. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, आणि बहुतेक जण नेमकं हेच सोडून थेट ब्रश उचलतात.

मग लेयर असे लावा. सगळ्यात खाली देऊळ. त्यावर मुलीच्या फोटोची एक कॉपी, तिचं नाव ठेवू 'केस'. त्यावर दुसरी कॉपी, तिचं नाव 'अंग'.

आधी 'केस'. मोड Multiply. यावर Levels घ्या आणि उजवीकडचा पांढरा स्लायडर आत आणत राहा, बटांच्या आसपासचं आभाळ २५५ होईपर्यंत. डोळ्यावर विसंबू नका, बाकीचे लेयर तेवढ्यापुरते बंद करा आणि Info पॅनेल उघडून आभाळावर कर्सर फिरवा. २५० राहिलं तरी देवळावर हलकी सावली पडते आणि फोटोच्या चौकटीची रेघ उमटते. पण हवा त्याहून फार आतही नेऊ नका. स्लायडर २०० वर आणलात तर १७७ ची बट २२६ च्या आसपास जाते, म्हणजे जवळजवळ पुसली जाते. या लेयरला काळा मास्क द्या आणि फक्त केसांच्या भोवती मोठ्या मऊ ब्रशने पांढरं रंगवा. एकेक बट कापायची नाही. मास्क ढोबळच असू दे, बट वेगळी करायचं काम Multiply करतो.

आता 'अंग'. मोड Normal. चेहरा, मान, खांदे, हात, साडी पेन टूलने कापा, कड एक पिक्सेल मऊ. केसांपाशी आल्यावर पाथ कडेने नेऊ नका, आतून न्या, जिथे केस दाट आहेत आणि मागचं आभाळ मुळीच दिसत नाही अशा जागेतून. तिथे मास्क मोठ्या मऊ ब्रशने विरळ करत न्या, म्हणजे आतले दाट केस आणि बाहेरच्या Multiply बटा एकमेकींत मिसळतात.

एवढं झालं की झालर राहायला जागाच नाही, कारण बाहेरच्या बटांतलं आभाळ पांढरं होऊन Multiply मध्ये निघून गेलेलं असतं.

गिंप_वापरणारी

माझ्याकडे फोटोशॉप नाही. मी पॉलिटेक्निकला आहे आणि गिंपवर काम करते. माझी रीत सांगते, बरोबर आहे का बघा. मी फोटोच्या कॉपीवर Colors मधलं Color to Alpha वापरते आणि ड्रॉपरने केसांजवळचं आभाळ उचलते. त्याने आभाळ पारदर्शक होतं आणि बटा चक्क काळ्या उरतात, कुठेही झालर नाही. पण दात, डोळ्यांचा पांढरा भाग आणि साडीची जर यांनाही भोकं पडतात.

रेघ_न_रेघ

उत्तम रीत आहे आणि या कामाला अगदी योग्य. वरच्या सूत्रात B माहीत असेल तर Color to Alpha प्रत्येक पिक्सेलमधून तेवढं आभाळ वजा करतं आणि उरलेल्याला पारदर्शकता देतं. १७७ च्या पिक्सेलचं ते साधारण २६ टक्के काळं करेल. खरा केस ३० होता, हा ० झाला, पण सुट्या बटेत एवढा फरक कुणाला दिसत नाही. Multiply चा निकालही जवळपास हाच येतो.

भोकांवर उपाय तोच, वर 'अंग' लेयर ठेवा. आभाळ एकसारखं नसेल तर Transparency threshold जरा वाढवा, म्हणजे आभाळाच्या रंगाच्या जवळपासचे रंगही पूर्ण पारदर्शक होतात. फार वाढवलात तर सगळ्यात बारीक बटा आधी जातील.

आजोळ_अक्कलकोट

माझा प्रश्न याच विषयातला आहे म्हणून इथेच विचारतो. आजीचं वर्षश्राद्ध आहे. तिचा एकच चांगला फोटो आहे, वाड्याच्या दारात बसलेली, मागे दाराचा अंधार. केस पूर्ण पांढरे, कपाळावर भुरभुरणारे. घरच्यांना मागे फिकट निळं आभाळ हवंय. Multiply करून बघितलं तर आजीचे केसच गायब झाले. फोटो काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलाय.

विजापूरवेस_फ्लेक्स

तिथे Screen मोड लावा. पांढऱ्या केसांना Screen, काळ्या केसांना Multiply.

रेघ_न_रेघ

अण्णांचं बरोबर आहे, फक्त केसांच्या रंगासोबत मागची जागाही बघायची. Multiply ला फिकट मागचं लागतं, Screen ला गडद. आजींच्या मागे दाराचा अंधार आहे, म्हणजे Screen चालेल. Levels मध्ये या वेळी डावीकडचा काळा स्लायडर आत आणा, अंधार ० होईपर्यंत.

पण फिकट निळ्या आभाळावर पांढरे सुटे केस विरून जातील. सातरस्तांच्या फोटोत काळी बट अंधारात विरते, तुमच्याकडे पांढरी बट उजेडात विरेल. घरच्यांना गडद मरून किंवा गर्द निळी पार्श्वभूमी दाखवून बघा. आजींच्या कपाळावरचे ते भुरभुरणारे केस तिथे जसेच्या तसे राहतील, आणि ओळखीच्या माणसाला चेहऱ्याइतकेच तेही ओळखू येतात. म्हणून ते घालवू नका असं मला मनापासून वाटतं.

आणि व्हॉट्सॲपची फाईल घेऊ नका. पाठवताना फोटो लहान होतो आणि पुन्हा दाबला जातो, त्यात सगळ्यात आधी बारीक केसच जातात. काकांना तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मूळ कागदावरची प्रिंट असेल तर ती ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या, मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका.

आजोळ_अक्कलकोट

प्रिंट आहे, देवघरात लावलेली. काच काढून स्कॅन करून आणतो. मरूनचं घरी विचारतो, आई निळ्यावरच अडून बसलीये.

सातरस्ता_स्टुडिओ

ताई, सांगितलं तसं केलं. देवळाचा फोटो सरकवला, पाण्यातले दिवे आता बरोबर उजव्या बटांच्या मागे आलेत. उजवी बाजू बघून घरचे सगळे थांबून बघत राहिले, इतकी छान आली. दिव्यांवर एकेक बट काळी उमटलीये आणि अंधारात गेली की हळूच नाहीशी होते.

दोन ठिकाणी अजून अडलंय. पहिलं, टाळूजवळ दाट केसांची जी कड 'अंग' लेयरमध्ये आहे तिथे पांढरट चमक राहिलीये. हे मास्कमुळे नाही, मास्क आत ओढला तरी चमक आहेच. दुसरं, डावीकडे गच्चीच्या कठड्यावरून कडुलिंबाची फांदी आलीये आणि तिथले केस पानांवर आहेत. Multiply मध्ये ती पानंच देवळावर उमटतात.

विजापूरवेस_फ्लेक्स

पानांवर Levels आणखी ओढा, जातील.

रेघ_न_रेघ

पानं जाणार नाहीत अण्णा. पानं आणि केस दोन्ही गडद आहेत, पानं पांढरी होईपर्यंत ओढलं तर केस त्यांच्या आधी नाही पण सोबत जातील. Color to Alpha चंही तेच, त्याला मागे एकच रंग लागतो. पानांत हिरवा, पिवळा, फांदीचा तपकिरी आणि मधून आभाळ, असं सगळं आहे.

आधी टाळूची चमक घेऊ, ती सोपी आहे. ते आभाळाचं केसांवर पडलेलं प्रतिबिंब आहे. केस चकचकीत असतात आणि कडेला तिरक्या कोनात आभाळ जास्त परावर्तित होतं. गच्चीवर ते खरंच तिथे होतं, रात्री नसणार. 'अंग' वर एक रिकामा लेयर घ्या, Alt+Ctrl+G ने त्याला 'अंग' शी क्लिप करा, मोड Darken ठेवा. आतल्या केसांचा गडद रंग Alt दाबून उचला आणि मऊ ब्रशने २० ते ३० टक्के अपारदर्शकतेवर कडेने दोन-तीन वेळा फिरवा. Darken मुळे उचललेल्या रंगापेक्षा उजळ असलेले पिक्सेलच बदलतात, केसांतल्या गडद रेषा तशाच राहतात. चमक पूर्ण मारू नका, नाहीतर टाळू सपाट ठिपका होईल.

आता कडुलिंब. तिथल्या सुट्या बटा वाचवायच्या नाहीत. केसांची दाट कड जिथपर्यंत स्वच्छ दिसते तिथे पेनने कापा, बाहेरचं सगळं सोडून द्या. त्यामुळे डावी बाजू कोरी आणि कडक दिसेल. मग उजवीकडच्या 'केस' लेयरमधून दोन-तीन मोकळ्या बटांचा तुकडा कॉपी करा, Flip Horizontal करा, थोडा फिरवा, Warp ने वळण बदला आणि Multiply मध्येच डावीकडे ठेवा. त्याच मुलीचे, त्याच फोटोतले केस असल्यामुळे जाडी, धूसरपणा आणि जेपेगचे दाणे आपोआप जुळतात. ढगाळ उजेड सगळीकडून सारखा येतो म्हणून उलटवलेला तुकडा खटकणार नाही. भर उन्हातला फोटो असता तर चमक उलट्या बाजूला गेली असती आणि हे चाललं नसतं.

वारा डावीकडून उजवीकडे आहे हे विसरू नका. डावीकडच्या बटा बाहेर उडालेल्या नकोत, डोक्याला धरून किंवा चेहऱ्याकडे वळलेल्या हव्यात.

गिंप_वापरणारी

बटा ब्रशने काढल्या तर नाही का चालणार? मी पेन टॅब्लेटवर काढते, बऱ्या येतात.

रेघ_न_रेघ

चालतात, पण मोजक्या. हाताने काढलेली बट सबंध लांबीभर सारखीच धारदार येते, खरी बट मध्येच फोकसबाहेर जाते. काढून झाल्यावर अर्धा-एक पिक्सेल Gaussian Blur द्या आणि लेयरवर थोडा Noise टाका, नाहीतर जेपेगच्या दाण्यांत ती वेगळी उठून दिसते. ज्यांच्याकडे टॅब्लेट नाही त्यांनी पेन टूलने पाथ काढून Stroke Path करावं आणि Simulate Pressure वर खूण करावी, टोकं निमुळती होतात. ब्रश दोन ते तीन पिक्सेल, आणि त्याच्या Shape Dynamics मध्ये Size ला Pen Pressure निवडलेलं हवं.

सातरस्ता, तुम्हाला काढलेल्या बटा एकाच ठिकाणी लागतील. मागे दिवे आहेत, म्हणजे केसांच्या कडेला दिव्यांचा थोडा उजेड यायला हवा. देवळाच्या रोषणाईतूनच पिवळसर रंग उचला, वेगळ्या लेयरवर, मोड Screen, अपारदर्शकता ४० टक्क्यांच्या आसपास. उजव्या बाजूने चार-पाच बटा आणि खांद्याच्या कडेला एक पुसटशी रेघ, बस. डावीकडे अंधार आहे, तिथे एकही नको.

हुरडा_आणि_कॅमेरा

मला हे पटत नाही. नसलेल्या बटा काढायच्या, उजेड काढायचा, मग तो फोटो राहिला कुठे? साखरपुड्याचा फोटो म्हणजे घरातली नोंद आहे. झालर काढा, पण वरून केस लावू नका.

रेघ_न_रेघ

तुमचा मुद्दा मी हलका घेत नाही. आजोळ यांच्या आजींच्या फोटोत मी एकही बट काढणार नाही, तिथे तो चेहरा जसा होता तसाच राहायला हवा. इथे मुलगी मुळात देवळापुढे उभीच नव्हती आणि ते घरच्यांना माहीत आहे, त्यांनीच मागितलंय. तरी उजेडाच्या चार बटा कुठे थांबवायच्या, यावर दोन मतं असू शकतात. मी चेहऱ्याच्या रेषेला हात लावत नाही, एवढी माझी मर्यादा.

हुरडा_आणि_कॅमेरा

डोक्याच्या आकाराला हात लागतोच की, डावीकडच्या बटा बदलल्या की.

सातरस्ता_स्टुडिओ

डावीकडे मी उलटवलेला एकच तुकडा ठेवलाय, तोही कानामागे. घरच्यांना दोन्ही प्रती दाखवतो, त्यांना जी हवी ती प्रिंटला जाईल.

टाळूची चमक गेली. पण आता काय तपासू, कळत नाही. इतका वेळ बघितल्यावर डोळ्याला सगळं बरंच वाटतंय.

रेघ_न_रेघ

देवळाचा लेयर बंद करा आणि खाली सपाट मध्यम करडा रंग भरा. रात्रीच्या फोटोत लपलेले दोष करड्यावर लगेच वर येतात, खास करून आभाळाचा अर्धवट राहिलेला पट्टा आणि 'अंग' व 'केस' यांच्या मधला सांधा. नंतर तिथे भडक लाल भरून बघा. खांद्याच्या कडेला फिकट रेघ असेल तर लालवर सुटत नाही. Select and Mask मध्ये असाल तर A दाबून काळ्यावर आणि T दाबून पांढऱ्यावर दिसतं, पण तुमच्या दोन लेयरच्या रचनेत खाली रंग भरणंच सोयीचं.

झूम १०० टक्केच ठेवा. ४०० ला गेलात की नसलेले दोष सापडतात आणि माणूस बटा खोडत बसतो.

शेवटी 'अंग' वर Curves क्लिप करून मुलीला थोडं गडद करा आणि निळा थोडा कमी करा. ढगाळ आभाळाचा निळसर उजेड चेहऱ्यावर तसाच असेल तर केस कितीही नीट कापले तरी ती देवळापुढे उभी वाटणार नाही.

विजापूरवेस_फ्लेक्स

करड्या लेयरची गोष्ट चांगली आहे. आमच्या जुन्या फाईली उघडून बघितल्या, फेदरमुळे खांद्याला सगळीकडे रेघ आहे. फ्लेक्सला चालतंय, पण आता लग्नाच्या पत्रिकेची कामंही येतात. त्यात नवरदेवाचे केस बारीक कापलेले, उभे. त्यांना पण हेच दोन लेयर का?

रेघ_न_रेघ

उभ्या आखूड केसांना Refine Edge ब्रश बऱ्याचदा पुरतो, कारण कड सगळीकडे जवळपास सारख्याच रुंदीची असते. Radius छोटा ठेवा आणि Decontaminate Colors लावा. ते लावलं की मूळ रंग बदलतात, म्हणून Output To मध्ये New Layer with Layer Mask निवडा, मूळ लेयर शाबूत राहतो. आखूड केसांत बाहेर आभाळाचा हिस्सा कमी असतो, त्यामुळे त्याचा अंदाज बरोबर येतो. लांब सुट्या बटेत त्याला जवळ शुद्ध केसाचा रंग सापडत नाही, तेव्हा तो भलताच रंग ओढून आणतो. सातरस्तांना जे करडे डाग दिसत होते ते बहुधा तेच.

सातरस्ता_स्टुडिओ

घरच्यांनी उजेडाच्या बटा असलेली प्रत घेतली, डावीकडची उलटवलेली बट मात्र काढायला सांगितली. मुलीच्या आईचं म्हणणं, ती त्या बाजूला केस नेहमी कानामागेच घेते. प्रत लॅबला गेली.

टेस्ट प्रिंट आली तर अंधारातला भाग स्क्रीनपेक्षा बराच काळा आलाय, उजवीकडच्या खालच्या बटा दिसेनात. लॅब म्हणते फाईल उजळ करून द्या. सबंध फोटो उजळ केला तर झालर परत दिसेल का?

रेघ_न_रेघ

Multiply च्या बटांना झालर येणार नाही, तिथे आभाळ उरलेलंच नाही. धोका 'अंग' च्या कडेला आहे, Darken ने रंगवलंय तिथे. सगळे लेयर एकत्र करून उजळ करू नका. फक्त देवळाच्या लेयरवर Curves घेऊन गडद भाग थोडे उचला, बटांच्या मागे जागा उजळली की बटा दिसतील. मुलीला हात लावू नका. आणि पुन्हा एक छोटी पट्टी छापून घ्या, फक्त उजव्या केसांची, पूर्ण १२ बाय १८ नको.

आजोळ_अक्कलकोट

स्कॅन झाला. आई मरूनला तयार नाही, पण गर्द निळ्याला हो म्हणाली. Screen लावल्यावर कपाळावरचे केस आलेत, कानाजवळ मात्र दाराच्या कडीची चमक पण सोबत आलीये. ती कशी काढू?

रेघ_न_रेघ

कडी केसांना चिकटून आहे की थोडी लांब? लांब असेल तर Screen लेयरच्या मास्कवर काळ्या ब्रशने झाका. केसांच्या मागेच असेल तर स्कॅनचा तेवढा तुकडा इथे टाका, बघून सांगते.